सिमरोलच्या घाटात स्पोर्ट्स बाइक टकटकते: ९५ भरू की १००? आणि बाबांच्या स्प्लेंडरला काय?

निखिल_सुदामानगर (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. घर एक, गाड्या दोन आणि दोन्हींच्या पेट्रोलवरून घरात वाद चालू आहे.

पहिली गाडी माझी. २०१८ ची, चारशे सीसीच्या आतली, सिंगल सिलेंडर, पाण्याने थंड होणारी स्पोर्ट्स बाइक. जानेवारीत सेकंडहँड घेतली, बावीस हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वळते. पुस्तकात कंप्रेशन रेशो १२.६:१ दिलाय आणि पेट्रोलचं ऑक्टेन रॉन ९५. दुसरी गाडी बाबांची, २०११ ची स्प्लेंडर. घर ते दुकान, दुकान ते भाजीबाजार, एवढंच तिचं काम.

काल मित्राला मागे बसवून ओंकारेश्वरला निघालो. तेजाजी नगरपासून सिमरोलपर्यंत गाडी छान पळाली. पुढे घाटाच्या चढावर मी चौथ्या गिअरमध्ये होतो, वेग पन्नासच्या जरा खाली, काटा साडेतीन-चार हजारांवर. एका ट्रकला मागे टाकायला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला आणि टाकीखालून आवाज सुरू झाला. काचेच्या बरणीत छर्रे घालून हलवावेत तसा. तिसरा गिअर टाकला की बंद. पुन्हा चौथा टाकून पिळलं की पुन्हा सुरू. दुपारचा दीड, ऊन बेचाळीसचं. टाकीत साधं ई२० पेट्रोल.

परतताना पंपावरचा मुलगा म्हणाला, स्पोर्ट्स गाडी आहे, १०० वालं घाला. स्प्लेंडरलाही प्रीमियम घाला, इंजिन साफ राहतं. बाबा दोन महिन्यांपासून प्रीमियम ९५ च भरवताहेत आणि म्हणताहेत की अ‍ॅव्हरेज वाढलं. खरं काय मानू?

---

गिरीश_रामबाग (सोमवार, रात्री १०:१५)

हे नॉकिंगच आहे, म्हणजे पेट्रोल ठिणगीच्या भरवशावर न राहता स्वतःहून पेटतंय, शंका नको. माझा हिशेब साधा आहे. कंप्रेशन १० पर्यंत साधं पेट्रोल, ११ ला ९५, १२ च्या पुढे ९७ आणि १३ ला १००. तुझी १२.६ आहे, म्हणजे ९७ पेक्षा कमी घालूच नकोस. जमलं तर १०० च भर.

बाबांना मात्र आजच थांबव. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल सावकाश जळतं. स्प्लेंडरसारख्या इंजिनात ते जळत जळतच एक्झॉस्टमध्ये जातं आणि व्हॉल्व्ह जाळतं. मित्राच्या गाडीचा व्हॉल्व्ह असाच गेला.

---

देवयानी_महू (सोमवार, रात्री १०:५०)

माझाही हाच त्रास! स्कूटर ४५ द्यायची, आता ३६ वर आलीय. कोणतं पेट्रोल घातलं तर अ‍ॅव्हरेज परत येईल? १०० वालं घातलं तर ५० मिळेल का?

---

अण्णा_पलासिया (मंगळवार, सकाळी ७:०५)

निखिल, एकतीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. तू आवाजाचं वर्णन नीट केलंस, ते बरं झालं. तरी चार गोष्टी सांग, मग पेट्रोलचं बोलू.

गाडी स्टँडवर उभी करून नुसती रेज केलीस तर आवाज येतो का? घाटात आवाज चालू असताना अ‍ॅक्सिलरेटर किंचित, बोटभरच सोडलास तर तो लगेच थांबतो का? सकाळी थंड इंजिनावर त्याच चढाला येतो का? आणि गाडी घेतल्यावर प्लग काढून पाहिलास का?

हे विचारतोय ते अशासाठी. नॉकिंगला ओझं लागतं. गाडी उभी असताना आवाज येत असेल तर तो कॅम चेनचा किंवा टॅपेटचा असतो, त्याला शंभर काय दोनशे ऑक्टेन घातलं तरी फरक पडायचा नाही. असे आवाज पेट्रोल बदलून घालवायच्या नादात लोकांनी हजारो रुपये घालवलेले पाहिलेत.

गिरीशराव, तुमचा तक्ता अर्धा बरोबर आहे. कंप्रेशन वाढलं की पेट्रोलवर ताण वाढतो, हे खरं. पण नुसत्या त्या एका आकड्यावरून पेट्रोल ठरवता येत नाही. यामाहाच्या आर१५ चं कंप्रेशन ११.६ आहे आणि आपल्याकडे ती वर्षानुवर्षं साध्या पेट्रोलवर पळतेय. तेच ११.६ जुन्या हवेने थंड होणाऱ्या, मोठ्या बोअरच्या, कार्ब्युरेटरच्या इंजिनात केलं असतं तर पहिल्याच चढावर दाणे भाजल्यासारखा आवाज आला असता. सिलेंडर केवढा, पाणी फिरतंय की नाही, ठिणगी किती आधी पडते, या सगळ्याचा विचार करून कंपनी पुस्तकात एक आकडा लिहिते. तोच धरायचा.

व्हॉल्व्हचंही तसंच. चांगल्या पेट्रोलने स्प्लेंडरचा व्हॉल्व्ह जळत नाही. तुमच्या मित्राच्या गाडीचं टॅपेट क्लिअरन्स बहुधा कमी होऊन गेलं असेल. व्हॉल्व्ह पूर्ण बसला नाही की त्याच्या कडेतून आग निघते आणि तो जळतो. पेट्रोलचा दोष नसतो त्यात.

---

मेधा_वडोदरा (मंगळवार, सकाळी ११:३०)

इंधन तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून फक्त पेट्रोलच्या बाजूने लिहिते.

निखिल, एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात आलेली नाही. आपल्याकडचं साधं पेट्रोल आधी रॉन ९१ चं होतं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर मिश्रणाचं ऑक्टेन वर जातं आणि ई२० च्या भारतीय मानकात ते ९५ धरलेलं आहे. म्हणजे तुझं पुस्तक जे ९५ मागतं, ते आज साध्या नळीतूनच येतंय. त्यासाठी प्रीमियम ९५ चे लिटरमागे सात-आठ रुपये जास्त द्यायची गरज राहिलेली नाही. त्यातली सफाईची रसायनं हवी असतील तर ती वेगळी गोष्ट.

म्हणून माझा अंदाज असा, की साधं सोडून प्रीमियम ९५ घातलंस तरी घाटातला आवाज तसाच राहील. १०० ने कमी होईल. पण ९५ मागणाऱ्या इंजिनाला १०० का लागावं, हा प्रश्न तेव्हा उरेल.

देवयानीताई, ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीची वाट पाहत थांबायचं, स्वतःहून पेटायचं नाही, एवढाच त्याचा गुण. त्याने अ‍ॅव्हरेज वाढत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई१० साठी जुळवलेल्या दुचाकींना ई२० वर ३ ते ४ टक्के फटका धरलाय. तुमच्या ४५ चे त्याने ४३ व्हायला हवेत. ३६ होत असतील तर कारण पेट्रोलच्या बाहेर आहे. एअर फिल्टर, चाकातली हवा आणि मागचा ब्रेक घासतोय का, हे आधी बघा.

---

कौस्तुभ_ग्वाल्हेर (मंगळवार, दुपारी १:२०)

माझ्याकडे हजार सीसीची चार सिलेंडरची आहे, कंप्रेशन १३. तिचं मॅन्युअल नेटवरून उतरवून घेतलं, त्यात किमान ९० लिहिलंय. त्यामुळे मी तर ई२० येण्याच्या आधीपासून साधंच भरतोय, ९१ असतानाही. कधी आवाज आला नाही. तेव्हा हे १०० वगैरे धंद्याचे प्रकार वाटतात.

---

मेधा_वडोदरा (मंगळवार, दुपारी २:०५)

कौस्तुभ, ते मॅन्युअल अमेरिकेचं असणार. ज्या पानावर ९० आहे तिथे शेजारी `(R+M)/2` असं लिहिलंय का, बघाल?

---

कौस्तुभ_ग्वाल्हेर (मंगळवार, दुपारी २:४०)

हो, लिहिलंय. तो पंपाचा काही कोड असेल असं समजून सोडून दिलं होतं.

---

मेधा_वडोदरा (मंगळवार, दुपारी ३:१०)

तिथेच सगळी गडबड आहे. अमेरिकेत दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी काढून आकडा लिहितात. आपल्याकडे आणि युरोपात त्यातल्या पहिल्याच, सौम्य चाचणीचा आकडा लिहितात. दुसरी चाचणी जास्त कडक असते, तिचा आकडा नेहमी खाली येतो, म्हणून सरासरीही खाली दिसते. त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१ आणि त्यांचं ९० म्हणजे आपलं साधारण ९५. तुमच्या गाडीला ९५ हवं होतं आणि तुम्ही ९१ देत होतात.

अमेरिकन व्हिडिओ पाहून ‘माझ्या गाडीला ८७ चालतं, मग भारतातलं ९१ म्हणजे उत्तमच’ असं समजणारे पुष्कळ भेटतात. आकडा वाचताना तो कोणत्या देशाच्या पुस्तकातला आहे, ते आधी बघायचं.

---

अण्णा_पलासिया (मंगळवार, सायंकाळी ६:१५)

कौस्तुभ, आवाज आला नाही याचा अर्थ नॉकिंग झालं नाही असा धरू नका. निखिलची गाडी पन्नासच्या वेगात होती म्हणून त्याला ऐकू आलं. तुमची गाडी शंभराच्या पुढे, डोक्यावर हेल्मेट, कानात वारा. तिथे पिस्टन फुटेपर्यंत काही कळत नाही. गाडीच्या झाकणावर किंवा सोबत आलेल्या भारतीय पुस्तकात काय लिहिलंय ते शोधा. आता ई२० मुळे तुमचं ९५ भागतंय, तो भाग वेगळा.

---

निखिल_सुदामानगर (मंगळवार, रात्री ९:३०)

अण्णाकाका, आत्ता तपासून आलो. उभ्या गाडीवर आवाज अजिबात नाही. परवा घाटात अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला की तत्क्षणी थांबत होता, हे पक्कं आठवतंय. थंड इंजिनाचं माहीत नाही. प्लग काढलेला नाही, आधीच्या मालकाने मागच्याच वर्षी नवा टाकलाय म्हणाला होता.

---

अण्णा_पलासिया (बुधवार, सकाळी ७:२०)

मग हे नॉकिंगच, गिरीशरावांचं निदान बरोबर. आता परीक्षा नीट घे. टाकी रिझर्व्हला येऊ दे, म्हणजे जुनं पेट्रोल लिटर-दीड लिटरच उरतं. मग प्रीमियम ९५ फुल कर. तोच घाट, तोच मित्र मागे, तीच दुपारची वेळ, तोच चौथा गिअर आणि तेवढाच वेग. पाच-सात सेकंदच पिळायचं, आवाज आला की सोडायचं. नॉकिंग चालू ठेवून चढ चढायचा नाही. पुढच्या खेपेला टाकी पुन्हा रिझर्व्हला आणून १०० घाल आणि हेच कर. दोन्हींच्या मध्ये गाडीला दुसरं काहीही करू नकोस. तेलही बदलू नकोस, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

---

गिरीश_रामबाग (बुधवार, सकाळी ९:००)

टॅपेटचं पटलं, मित्राला विचारतो. पण एवढं करण्यापेक्षा सरळ १०० भरत राहिलं तर बिघडलं कुठे? गाडी महागाची आहे, पेट्रोलवर काटकसर कशाला?

---

अण्णा_पलासिया (बुधवार, दुपारी १२:४५)

पैशाचा प्रश्न नाही, गिरीशराव. अंगात ताप असताना नुसती गोळी घेत राहिलं तर ताप उतरतो, आजार तसाच राहतो. १०० नेही आवाज दबेल. पण आवाज ज्या कारणाने सुरू झाला ते वाढत गेलं, तर एक दिवस १०० ही पुरणार नाही.

---

निखिल_सुदामानगर (११ दिवसांनी, रविवार, रात्री ८:५०)

दोन्ही फेऱ्या झाल्या. मित्र कंटाळलाय, पण आला.

प्रीमियम ९५ वर काहीही फरक नाही. त्याच वळणानंतर, तोच आवाज. मेधाताईंनी सांगितलं तसंच झालं.

१०० शोधायला पंप फिरावे लागले. मिळालं ते लिटरला १६० च्या आसपास, अकरा लिटरचे १,७६० रुपये झाले. आज दुपारी गेलो तर आवाज जवळपास गेला. दोनदाच, अगदी हलका, तोही लांब चढाच्या शेवटी. गाडी जास्त ओढते असं मात्र मुळीच वाटलं नाही. पंपावर ‘पॉवर वाढते’ म्हणाले होते.

---

अण्णा_पलासिया (सोमवार, सकाळी ७:१०)

ओढ वाढणार नाही. ठिणगी किती आधी टाकायची ते तुझ्या गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरात, लिहून ठेवलेलं आहे. ज्या इंजिनाला नॉकिंग ऐकणारा सेन्सर असतो ते चांगलं पेट्रोल मिळालं की ठिणगी पुढे सरकवून थोडी ताकद काढू शकतं. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना तो नसतो. त्यामुळे १०० घातलं काय नि ९५ घातलं काय, ईसीयूला त्याचा पत्ता नसतो.

पण परीक्षेचं उत्तर स्वच्छ आहे. पुस्तक ९५ मागतं, तुझं इंजिन आज १०० मागतंय. मधले पाच कुठून आले ते शोधायचं. आता प्लग काढ. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. प्लगवरचा नंबर आणि पांढऱ्या चिनीमातीचा फोटो टाक. पुस्तकातला नंबरही लिही.

---

निखिल_सुदामानगर (मंगळवार, रात्री १०:२०)

काका, फोटो टाकलाय. पुस्तकात जो प्लग आहे त्याच्या नंबरात ९ आहे. माझ्या गाडीतून निघालेल्यात त्याच जागी ७ आहे. दुकानदार म्हणाला आकार तोच आहे, दोन्ही चालतात. चिनीमाती अगदी पांढरीफटक आहे आणि तिच्यावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. त्यात दोन-तीन चमकणारे कणही दिसतात.

---

अण्णा_पलासिया (बुधवार, सकाळी ६:५५)

मला हीच भीती होती. प्लगचा आकार, आटे, लांबी सगळं सारखं असू शकतं आणि तरी प्लग वेगळा असतो. तो ७ की ९ चा आकडा म्हणजे प्लगचं टोक आपली उष्णता किती लवकर हेडकडे सोडतं त्याचं माप. एन.जी.के.मध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये बरोबर उलटं, म्हणून दुकानात आकडा सांगताना कंपनीही सांगावी लागते. तुझ्या गाडीत दोन पायऱ्या गरम प्लग बसवलेला होता. शहरात हळू चालवताना काही जाणवत नाही. घाटात ओझं पडलं की त्याचं टोक निखाऱ्यासारखं तापून राहतं आणि आजूबाजूचं मिश्रण आधीच तापवतं. मग ९५ चं पेट्रोलही दम धरत नाही.

ते चमकणारे कण दुकानदाराला दाखव. ते पिस्टनच्या माथ्यावरून उडालेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. अजून कणच आहेत, तेव्हा वेळेवर सापडलं. १०० भरून आवाज दाबला असतास तर पुढच्या उन्हाळ्यात पिस्टन हातात आला असता.

९ चाच बसव. ‘मग १० बसवू का, आणखी सुरक्षित’ असं कोणी सुचवेल, ते करू नकोस. राजवाड्याच्या गर्दीत गाडी तापायच्या आतच तो काजळी धरेल आणि मिसफायर देईल.

प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून पिस्टनही बघून घे. मुलाकडे आहे, रविवारी ये.

---

कौस्तुभ_ग्वाल्हेर (बुधवार, दुपारी ३:३०)

झाकणाच्या आत स्टिकर सापडला, ९५ च लिहिलंय. आणि हा धागा वाचून प्लग पाहिला. माझे चारही बरोबर नंबरचे निघाले, ठिपके नाहीत. पण दोन वर्षं मी चुकीच्या कागदावर विसंबलो होतो, हे खरं.

---

निखिल_सुदामानगर (रविवार, रात्री ९:१५)

आज अण्णाकाकांच्या गॅरेजात होतो. कॅमेऱ्यात पिस्टनचा माथा दिसला. मधोमध काळी, खडबडीत काजळी, नखाएवढ्या जाडीची नाही पण स्पष्ट थर आहे. आधीचा मालक गाडी घर ते ऑफिस चार किलोमीटरच चालवायचा. काकांनी समजावलं की थर बसला की वरची जागा तेवढी कमी होते, म्हणजे १२.६ चं खरं कंप्रेशन त्याहून जास्त होतं. शिवाय काजळी उष्णता धरून ठेवते.

९ चा प्लग बसवला, साधं ई२० भरलं आणि दुपारी तसाच घाटात गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये आवाज शून्य. चौथ्यात, मित्र मागे असताना, पूर्ण पिळल्यावर हलकासा येतो. आधीच्या तुलनेत काहीच नाही, पण येतो.

---

गिरीश_रामबाग (रविवार, रात्री ९:५०)

आता हेड उघडून काजळी खरवडूनच घे. अर्धवट काम ठेवू नकोस.

---

अण्णा_पलासिया (सोमवार, सकाळी ७:००)

बावीस हजारांवर हेड उघडायला माझं मन तयार होत नाही. गॅस्केट, चेनचं टायमिंग, पुन्हा सगळं जुळवणं, त्यात नवीनच काही बिघडायची भीती. मी म्हणेन दोन-तीन टाक्या लांबच्या रस्त्यावर, इंजिन नीट तापवून, सहा-सात हजारांवर चालव. काजळीचा काही भाग तसाच जळून जातो. मग पुन्हा कॅमेरा घालून बघू. इंजेक्टर-क्लीनरची बाटली टाकून पिस्टनवरची काजळी किती निघते याबद्दल मी स्वतः साशंक आहे. कोणाचा अनुभव असेल तर ऐकायला आवडेल.

आणि चौथ्या गिअरात साडेतीन हजारांवर पूर्ण पिळायचं बंद कर. ही काही स्प्लेंडर नाही. या इंजिनाचा दम वर आहे. चढाला काटा साडेपाच हजारांच्या वर ठेवून खालचा गिअर घे. कमी वेगात जास्त पिळलं की पिस्टन सावकाश वर येतो आणि मिश्रणाला स्वतःहून पेटायला जास्त वेळ मिळतो. स्पोर्ट्स गाडी घेऊन कम्यूटरसारखी वरच्या गिअरात हाकणाऱ्यांकडेच हा आवाज जास्त ऐकलाय मी.

---

मेधा_वडोदरा (सोमवार, दुपारी १२:१०)

क्लीनरबद्दल: प्रीमियम पेट्रोलमधली रसायनं इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवतात, हे प्रयोगात दिसतं. पिस्टनच्या माथ्यावर आधीच बसलेल्या थराबद्दल मी तेवढ्या खात्रीने सांगणार नाही.

बाबांच्या स्प्लेंडरचं काय झालं?

---

निखिल_सुदामानगर (सोमवार, रात्री ९:०५)

बाबांना कागदावर मोजून दाखवायचं ठरवलं. फुल टाकी ते फुल टाकी, एकाच पंपावर. प्रीमियम ९५ वर ६१.८ आलं, साध्यावर ६१.१. हा फरक टाकी काठोकाठ भरण्यातल्या चुकीएवढाच आहे. मग लक्षात आलं की ज्या आठवड्यात त्यांनी प्रीमियम सुरू केलं, त्याच आठवड्यात कार्ब्युरेटर साफ करून एअर फिल्टर बदलला होता. अ‍ॅव्हरेज त्याने वाढलं होतं.

पण बाबांचा मुद्दा आता वेगळा आहे. ते म्हणतात, गाडी २०११ ची आहे, तिला इथेनॉल सोसणार नाही, प्रीमियममध्ये इथेनॉल नसतं, म्हणून मी तेच भरणार. हे खरं आहे का?

---

मेधा_वडोदरा (मंगळवार, सकाळी ११:४५)

बाबांची काळजी योग्य आहे, उपाय तपासून घ्यायला हवा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला इथेनॉलचे दोन त्रास होतात. जुने रबरी पाइप आणि फ्लोट बाउलचं पॅकिंग फुगतं किंवा कडक होतं. आणि इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडं पातळ पडतं. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर ते बऱ्याच अंशी सावरतो, कार्ब्युरेटरचा जेट सावरू शकत नाही. सकाळी चोक जास्त वेळ लागतो का, हे त्यांना विचार.

आता प्रीमियममध्ये इथेनॉल नसतं हे सरसकट खरं नाही. घरी बघता येतं. शंभर मिलीचं काचेचं मोजपात्र घे, त्यात दहा मिली पाणी आणि नव्वद मिली पेट्रोल घाल, तोंड बंद करून हलव, झाकण अधूनमधून सैल करून वाफ सोड आणि दहा मिनिटं ठेव. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. ई२० असेल तर खालचा थर दहावरून २७-२८ च्या आसपास चढतो. इथेनॉल नसेल तर दहावरच राहतो. हे सगळं अंगणात करायचं, जवळपास गॅस, दिवा, सिगारेट नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत घालायचं नाही. ऑक्टेन यातून कळत नाही, ते मोजायला खास इंजिन लागतं.

---

निखिल_सुदामानगर (गुरुवार, रात्री ८:३०)

बाबांसमोर अंगणात केलं. साध्याचा थर २७ वर आला. बाबा ज्या पंपावर प्रीमियम भरतात तिथल्याचा २६ वर. ते बराच वेळ त्या पात्राकडे बघत बसले. म्हणाले, दोन महिने मी कशाचे पैसे दिले?

सकाळी चोक लागतो, दोन मिनिटं. पेट्रोलचा पाइप दाबून पाहिला तर टोकाला मऊ, फुगलेला आहे.

---

देवयानी_महू (गुरुवार, रात्री ९:१०)

मागचा ब्रेक घासत होता, चाक हाताने फिरतच नव्हतं. सैल करून घेतला, आज ४२ आलं. मेधाताई, धन्यवाद.

---

अण्णा_पलासिया (शुक्रवार, सकाळी ६:५०)

निखिल, स्प्लेंडरचा पाइप आणि बाउलचं पॅकिंग बदलून घे, शे-दोनशेचं काम आहे. आत चिकट थर बसलेला दिसेल, तो जेटसकट धुऊन घ्यायचा. नळाचा फिल्टरही बघ. बाबांना सांग, गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर नळ बंद करून बाउलमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. पेट्रोल साधंच भरा.

तुझ्या गाडीचं, पुढच्या महिन्यात हजारेक किलोमीटर झाले की कॅमेरा घेऊन बसू. तोवर पाऊस येईल, हवा थंड होईल आणि आवाज आपोआप कमी वाटेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस. खरी परीक्षा पुन्हा उन्हातच, त्याच वळणावर.

---

निखिल_सुदामानगर (शुक्रवार, सकाळी ८:१५)

चालेल काका. जुना ७ चा प्लग पिशवीत ठेवलाय. त्या दुकानात नेऊन दाखवतो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गाडीत ‘दोन्ही चालतात’ म्हणून बसणार नाही.